मिरीच्या पोत्यावर सीमाशुल्क कसं बसतं

गोव्याहून कर्नाटकात शिरायच्या दोन वाटा जोयडा तालुक्यातून जातात. एक अनमोडच्या घाटाची, दुसरी रेल्वेची, दूधसागरावरून कॅसल रॉकला चढणारी. दोन्ही वाटांवर रोज एक कोडं घडतं आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही. अनमोडच्या नाक्यावर गाडी थांबवून डिकी उघडायला लावतात, कारण गोव्यातून स्वस्त दारू कोणी आणत नाही ना, हे पाहायचं असतं. त्याच दिवशी मुरगाव बंदरात उतरलेला परदेशी कोळसा मालगाडीत भरून कॅसल रॉकवरून बल्लारीकडे जातो आणि त्या डब्यांवरचं सीमाशुल्क तिथे कोणी विचारत नाही. देशातल्या देशात तयार झालेली बाटली अडते आणि समुद्रापलीकडून आलेला कोळसा सुसाट निघून जातो.

पूर्वी असं नव्हतं. पोर्तुगीजांच्या काळात कॅसल रॉक हे सरहद्दीचं स्टेशन होतं आणि तिथे सामानाची झडती होऊन कस्टम भरावं लागे. त्याच काळात काही वर्षं मात्र तीही नव्हती. 1878 मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात झालेल्या तहाने दोन्ही बाजूंचा मिळून एकच सीमाशुल्क प्रदेश केला होता, काही ठरावीक वस्तू तेवढ्या वगळून. 1892 मध्ये तह संपला आणि कस्टमची रेषा पुन्हा डोंगरावर येऊन बसली. 1955 च्या नाकेबंदीत रेल्वेची ये-जाच थांबली. 19 डिसेंबर 1961 ला गोवा भारतात आला आणि कॅसल रॉकची रेषा कायमची पुसली गेली. ती आता मुरगावच्या धक्क्यावर आहे.

डोंगर तोच, रूळ तेच, मालही बहुधा तोच. तरी शुल्क कधी लागलं, कधी नाही. सीमाशुल्क अंतरावर किंवा वाहतुकीवर नसतं. देशाची कर-हद्द माल ओलांडतो, त्या एका घटनेवर ते असतं. मुरगावला उतरलेल्या कोळशाने ती हद्द बंदरातच ओलांडली, त्याचा हिशेब तिथेच झाला. अनमोडला जे तपासतात ते राज्याचं अबकारी शुल्क. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर ठेवलेली असल्यामुळे प्रत्येक राज्य तिच्यावर आपापला कर लावतं, म्हणून दोन राज्यांच्या मध्ये अजून नाका आहे. 2017 च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा बाकीच्या मालाचे विक्रीकर नाके उठले.

आता ही हद्द ओलांडताना शुल्क नेमकं कसं मोजतात ते पाहू. त्यासाठी कोळशापेक्षा जोयड्याला जवळची वस्तू घेऊ: काळी मिरी. उत्तर कन्नडात पोफळीच्या खोडावर मिरीची वेल चढवलेली असते आणि सुपारीचा भाव पडला की बागायतदार मिरीकडे आशेने बघतो. त्याला भाव काय मिळेल, हे थोडंफार व्हिएतनाम आणि श्रीलंकेतून येणाऱ्या मालावर ठरतं. तो माल बंदरात कितीला पडतो, हे ठरवण्यात सीमाशुल्काचा मोठा हात आहे.

आधी किंमत, मग टक्का

ड्युटी किती टक्के, हा प्रश्न सगळे विचारतात. ती कशाच्या टक्के, हा प्रश्न कस्टममध्ये मुरलेला माणूस आधी विचारतो. ज्या रकमेवर टक्का लावायचा तिला आकारणीयोग्य किंमत म्हणतात. 1962 च्या सीमाशुल्क कायद्याचं कलम 14 सांगतं की ही किंमत म्हणजे माल भारतात पाठवण्यासाठी विकताना प्रत्यक्ष दिलेला किंवा द्यायचा ठरलेला पैसा. अट एवढीच की विकणारा आणि घेणारा एकमेकांचे संबंधित नसावेत आणि त्या भावामागे दुसरा कुठला छुपा मोबदला नसावा.

पण विक्रेत्याच्या बिलावरचा आकडा सहसा तसाच घेत नाहीत. तो बहुतेक वेळा माल त्याच्या देशात जहाजावर चढेपर्यंतचा असतो. भारतात आकारणी होते ती माल आपल्या बंदरापर्यंत पोचण्याच्या किमतीवर. म्हणून जहाजाचं भाडं आणि विमा त्यात मिळवावा लागतो. याशिवाय काही खर्च बिलाबाहेर राहिलेले असतात. समजा, आयातदाराने मिरी भरायला गोणपाट स्वतःकडून फुकट पाठवलं. त्याची किंमत मिळवायची. विक्रेत्याच्या दलालाला आयातदारानेच दलाली दिली असेल तर तीही मिळवायची. मात्र आयातदाराने स्वतःसाठी माल शोधून देणाऱ्या माणसाला दिलेली दलाली मिळवायची नाही. तर्क सरळ आहे: विक्रेत्याच्या खिशात, किंवा त्याच्या वतीने, जे गेलं ते मालाच्या किमतीचा भाग. घेणाऱ्याने आपल्या सोयीसाठी जे खर्चलं ते नाही. बंदरातून पुढे गोदामापर्यंतचा ट्रकही यात येत नाही, कारण तोवर हद्द ओलांडून झालेली असते.

पूर्वी माल उतरवण्याचा खर्च म्हणून सरसकट 1 टक्का आणखी जोडत असत, प्रत्यक्ष खर्च कितीही असो. 2015 मध्ये विप्रोच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो सरसकट टक्का अमान्य केला आणि 2017 मध्ये नियम बदलून तो काढला गेला. भाडं किंवा विम्याचा खरा आकडा मिळत नसेल तर मात्र अजूनही ठोकताळा आहे: भाड्यापोटी जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीच्या 20 टक्के, विम्यापोटी 1.125 टक्के. भाड्याचा हा ठोकताळा समुद्रमार्गाच्या खऱ्या भाड्याहून बहुधा फार जास्त पडतो, म्हणून भाड्याची पावती हरवणं आयातदाराला महागात जातं.

डॉलरचे रुपये करताना बँकेने त्या दिवशी दिलेला भाव चालत नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळ आयातीसाठी जो दर जाहीर करतं, तो धरायचा. आणि तोही आयातीचा अर्ज, म्हणजे बिल ऑफ एन्ट्री, दाखल झाला त्या तारखेचा. ड्युटीचा टक्का कोणत्या तारखेचा, याचा नियम थोडा वेगळा आहे: अर्जाची तारीख किंवा जहाजाला बंदरात प्रवेश मिळाल्याची तारीख, यांतली जी नंतरची ती. माल समुद्रात असताना दर वाढला आणि जहाज नंतर पोचलं, तर सौदा जुना असला तरी वाढीव दर भरावा लागतो.

दहा टन मिरीचा हिशेब

व्हिएतनामहून 10 टन मिरी येते असं धरू. आकडे सोयीचे घेतले आहेत, पण दर खरे आहेत. जहाजावर चढेपर्यंत भाव टनाला 6,000 डॉलर, म्हणजे एकूण 60,000. जहाजभाडं 1,325 डॉलर. विम्याची पावती नाही, म्हणून 1.125 टक्क्याने 675 डॉलर. बेरीज 62,000 डॉलर. जाहीर दर डॉलरला 85 रुपये धरला तर आकारणीयोग्य किंमत 52,70,000 रुपये, किलोला 527.

आता टक्के. मिरीवर मूळ सीमाशुल्क 70 टक्के आहे. आसियान देशांशी भारताचा व्यापार करार आहे आणि व्हिएतनाम त्यात येतो, म्हणून उगमाचं प्रमाणपत्र जोडलं तर हा दर 50 टक्के होतो. मूळ शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार लागतो. तो मालाच्या किमतीवर नसून शुल्कावर असतो, हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही आणि त्याचा हिशेब फसतो. शेवटी या सगळ्याच्या बेरजेवर 5 टक्के आयजीएसटी, म्हणजे एकात्मिक वस्तू व सेवा कर.

> चौकट: 10 टन मिरी, 50 टक्के दराने
>
> आकारणीयोग्य किंमत: ₹52,70,000
> मूळ सीमाशुल्क, 50 टक्के: ₹26,35,000
> समाजकल्याण अधिभार, मूळ शुल्काच्या 10 टक्के: ₹2,63,500
> इथपर्यंतची बेरीज: ₹81,68,500
> आयजीएसटी, या बेरजेच्या 5 टक्के: ₹4,08,425
> बंदरात भरायची एकूण रक्कम: ₹33,06,925
>
> उगमाचं प्रमाणपत्र नसेल तर दर 70 टक्के आणि एकूण रक्कम ₹45,24,295.

एका कागदाच्या असण्या-नसण्याने 12,17,370 रुपयांचा फरक पडला, किलोमागे जवळजवळ 122 रुपये. हा कागद पुढे पुन्हा येणार आहे.

सुपारीचं गणित याहून निराळं आहे. सुपारी, सोनं, चांदी, पामतेल अशा थोड्या वस्तूंसाठी सरकारच आकारणीची किंमत डॉलरमध्ये जाहीर करतं आणि दर काही दिवसांनी बदलतं. तिथे बिलावर काय लिहिलंय याला ड्युटीपुरता अर्थ उरत नाही. बिलातली किंमत इतकी वेळा खोटी निघाली की सरकारने ती विचारायचंच सोडून दिलं, असं मला याचं स्पष्टीकरण वाटतं. मिरीसाठी अजून बिलाचाच आकडा चालतो.

देशातला कर आणि वेशीवरचा कर

वरच्या हिशेबात दोन वेगळ्या जातीचे कर एकाच पावतीवर आले आहेत आणि त्यांना एकत्र धरल्यामुळे बराच गोंधळ होतो. गावच्या जत्रेत बाहेरगावच्या व्यापाऱ्याकडून वेशीवर पट्टी घेतात आणि आत बसणाऱ्या प्रत्येकाकडून, गावचा असो की बाहेरचा, जागेचं भाडं घेतात. मूळ सीमाशुल्क आणि अधिभार ही वेशीवरची पट्टी. आयजीएसटी हे जागेचं भाडं. बाहेरच्याने ते वेशीवरच आगाऊ भरलं इतकंच.

ते आगाऊ का घ्यावं लागतं? यल्लापूरच्या व्यापाऱ्याने देशी मिरी विकली तर ग्राहकाकडून 5 टक्के जीएसटी घेऊन तो सरकारला भरतो. परदेशी विक्रेता आपल्या सरकारला जीएसटी भरणार नाही. मग त्याची मिरी त्या 5 टक्क्यांनी स्वस्त पडेल. ही तफावत राहू नये म्हणून आयात मालावर तेवढाच कर हद्दीवर वसूल करतात. तेवढाच, जास्त नाही. जागतिक व्यापाराच्या नियमांत, गॅटच्या तिसऱ्या कलमात, असं बंधन आहे की माल एकदा हद्दीच्या आत आला की देशांतर्गत करात परदेशी आणि देशी असा भेद करायचा नाही. देशी मिरीवर 5 आणि परदेशी मिरीवर 12 टक्के जीएसटी लावता येणार नाही. शेतकऱ्याला संरक्षण द्यायचं तर ते वेशीवरच्या पट्टीतूनच द्यावं लागतं. म्हणून मूळ शुल्काचा आकडा 70 असतो आणि आयजीएसटीचा 5.

दुसरा फरक पैसे परत मिळण्याचा. आपला आयातदार ती मिरी किलोला 850 रुपयांनी, म्हणजे 85 लाखांना विकतो असं धरा. ग्राहकाकडून तो 5 टक्क्यांनी 4,25,000 रुपये जीएसटी घेईल. पण बंदरात भरलेले 4,08,425 रुपये त्याला यातून वजा करता येतात, म्हणजे सरकारला भरायचे उरतात फक्त 16,575. जीएसटी असा हातातून हातात सरकत जातो आणि शेवटच्या खाणाऱ्यापाशी थांबतो. मूळ शुल्क आणि अधिभाराचे 28,98,500 रुपये मात्र कुठेही वजा होत नाहीत. ते मालाच्या किमतीत मुरतात आणि किलोला 527 ची मिरी गोदामात पोचेपर्यंत 817 ची होते, वाहतूक वेगळीच. आयातदार ‘33 लाख ड्युटी भरली’ असं सांगतो, तेव्हा त्यातले चार लाख त्याचा खर्च नसतात.

पैसा जातो कुठे, यातही फरक आहे. आयजीएसटी माल जिथे वापरला जातो त्या राज्याशी वाटला जातो. मूळ शुल्क केंद्राचं. त्यातला वाटा वित्त आयोगाच्या सूत्राने सगळ्या राज्यांना मिळतो. अधिभारातून राज्यांना काही मिळत नाही, तो पूर्ण केंद्राकडे राहतो.

आणि बागायतदार? त्याने स्वतःच्या बागेतली मिरी वाळवून विकली तर त्याला जीएसटीसाठी नोंदणीच लागत नाही. वाळवल्याने ती शेतमाल राहते की नाही, अशी शंका काही वर्षं होती. डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेने ती मिटवली आणि वाळलेल्या काळ्या मिरीलाही ही सूट असल्याचं स्पष्ट केलं. कर सुरू होतो तो तिच्या पुढच्या, व्यापाऱ्याच्या विक्रीवर.

पाचशे रुपयांचं फाटक

आपल्या हिशेबात किंमत किलोला 527 आली, हे बरं झालं. ती 480 आली असती तर हिशेबाची वेळच आली नसती. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने मिरीसाठी किलोला 500 रुपये किमान आयात किंमत ठरवली आणि मार्च 2018 पासून त्याखालच्या किमतीची मिरी आणण्यास मनाई झाली. निर्यातीसाठी प्रक्रिया करायला आणलेल्या मालाला यातून वाट आहे.

ही किमान किंमत म्हणजे कर नव्हे, आणि आकारणीयोग्य किंमतही नव्हे. 480 ची मिरी आणून ‘500 धरून ड्युटी घ्या’ असं म्हणता येत नाही. तो मनाई असलेला माल ठरतो, जप्त होऊ शकतो, आणि सोडवायचा तर दंड भरावा लागतो. शुल्क माल महाग करतं. किमान किंमत फाटक बंद करते.

फाटक बसलं आणि एक उलटी गोष्ट घडू लागली. कस्टमचा नेहमीचा झगडा किंमत कमी दाखवणाऱ्यांशी असतो, कारण किंमत कमी तर शुल्क कमी. मिरीत लोक किंमत वाढवून दाखवू लागले. हे कसं परवडतं, याचं उत्तर श्रीलंकेत आहे. भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करारात वर्षाला 2,500 टन मिरी शून्य शुल्काने येते आणि त्यावरच्या मालाला दक्षिण आशियाई कराराचा 8 टक्के दर मिळतो.

400 रुपयांची मिरी 500 ला दाखवली, असं धरू. 8 टक्क्यांनी मूळ शुल्क 40 रुपये, अधिभार 4 रुपये. खऱ्या किमतीवर हेच 35 रुपये 20 पैसे झालं असतं. म्हणजे फाटकातून आत यायची किंमत किलोला पावणेनऊ रुपये. आयजीएसटीचा वाढीव भाग पुढे वजा होतो, त्याची चिंता नाही. बँकेतून कोलंबोला जादा गेलेले 100 रुपये मागल्या दाराने परत यायचे, हा सौद्याचाच भाग. शुल्क 70 टक्के असतं तर हीच लबाडी किलोला 77 रुपयांना पडली असती. शुल्क जिथे नाममात्र आहे तिथे किमान किमतीचं फाटक असं सैल होतं.

आणि श्रीलंकेचं प्रमाणपत्र एवढं मोलाचं असेल, तर व्हिएतनामची मिरी कोलंबोमार्गे श्रीलंकेची म्हणून यायला किती वेळ लागणार? बागायतदारांच्या संघटनांची हीच तक्रार अनेक वर्षं आहे.

कस्टमला कळतं कसं

किमतीचा संशय आला तर अधिकारी मूल्यांकन नियमांच्या बाराव्या नियमाखाली खुलासा मागतो आणि समाधान झालं नाही तर बिलाचा आकडा नाकारतो. मग तशाच मालाच्या त्याच सुमारास झालेल्या इतर आयातींची किंमत धरतात, ती नसेल तर मिळत्याजुळत्या मालाची, तीही नसेल तर भारतातल्या विक्रीभावातून मागे मोजत येतात. आयातींच्या किमतींची नोंद खात्याकडे देशभराची असते. मिरीत ओळखायची खूण सोपी आहे: जगात भाव वरखाली होत असताना एका वाटेने येणारा सगळा माल 500 च्या किंचित वर चिकटून राहिला, तर ते आकडे बाजारातून आलेले नाहीत.

उगमाच्या बाबतीत सप्टेंबर 2020 पासून नियम कडक झाले. पूर्वी निर्यातदार देशाचं प्रमाणपत्र दाखवलं की काम भागे. आता माल त्या देशात कसा पिकला किंवा तयार झाला, याची माहिती आयातदारानेच मिळवून ठेवायची आणि पाच वर्षं जपायची. शंका आली तर अधिकारी आधी त्याला विचारतो, मग त्या देशाकडे पडताळणी मागतो. श्रीलंकेत जेवढं पीक आलं त्याहून जास्त मिरी ‘श्रीलंकेची’ म्हणून बाहेर पडली असेल, तर तिथेच गाठ सापडते.

पडताळणीत उगम खोटा ठरला की सवलत जाते आणि 70 टक्के दर लागू होतो. 400 ची मिरी 500 ला दाखवणाऱ्या आयातदाराने किलोमागे शुल्क आणि अधिभार मिळून 44 रुपये भरले होते. आता ते 385 होतात. फरक 341 रुपये, त्यावरचा आयजीएसटी धरून 358. वर व्याज आणि दंड. आणि हे 70 टक्के मोजायचे कशावर? त्याने स्वतःच जाहीर केलेल्या 500 रुपयांवर. माल खरं तर 400 चा होता, शुल्क 400 वर लावा, असं म्हणायचं तर त्याला आधी लेखी कबूल करावं लागेल की बिल खोटं होतं, आणि मग तो माल मुळात फाटकाच्या आत यायलाच नको होता.